लिहिलेले पिन्यिन आणि ऐकू येणारी चिनी

एचएसके ही चिनी भाषेच्या प्रावीण्याची चीनमधली अधिकृत परीक्षा. तिच्या पहिल्या पातळीची 2010 नंतर रूढ झालेली प्रश्नपत्रिका साधी आहे. 40 प्रश्नांपैकी 20 ऐकून सोडवायचे आणि 20 वाचून. गुण 200, उत्तीर्ण व्हायला 120. काही लिहायचे नाही, बोलायचे नाही, आणि प्रत्येक चिनी लिपीचिन्हावर त्याचे रोमन रूप, म्हणजे पिन्यिन, छापलेले असते. शब्दांची यादी मात्र बदलत आली आहे. जुन्या यादीत 150 शब्द होते, 2021 च्या मानकात पहिल्या पातळीलाच 500 शब्द आले आणि नंतरही अभ्यासक्रमात फेरफार झाले. त्यामुळे अर्ज भरताना चालू यादी कोणती, हे पाहून घ्यावे. यादी कितीही बदलली तरी भाषेचे ध्वनी बदललेले नाहीत आणि हा लेख त्या ध्वनींविषयी आहे. शिकवण्या आणि पाठ्यपुस्तके पाहिली तर पिन्यिनला सुरुवातीचे दोन-तीन धडे मिळतात, टोनच्या चार रेषा एका आकृतीत दाखवल्या जातात आणि मग शब्दपाठांतर सुरू होते. या क्रमात एक चूक आहे, असे माझे मत आहे. पिन्यिनमध्ये जे लिहिलेले असते आणि चिनी माणसाच्या तोंडून जे बाहेर पडते, त्यांत तीन ठिकाणी अंतर आहे. व्यंजनांची किंमत वेगळी, स्वर काही ठिकाणी गाळलेले आणि टोन बोलताना बदलणारे. ही तीन अंतरे आधी शिकली पाहिजेत, शब्द नंतर.

हे अंतर का पडले, ते पिन्यिनच्या जन्मातच आहे. चौ योउक्वांग ज्यांत प्रमुख होते त्या समितीने तयार केलेली ही पद्धत 11 फेब्रुवारी 1958 रोजी चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने मंजूर केली. ती परदेशी माणसासाठी बेतलेली नव्हती. भाषा आधीच बोलणाऱ्या चिनी मुलांना आणि प्रौढांना लिपीचिन्हांचे प्रमाण उच्चार शिकवणे, हा तिचा पहिला उपयोग होता. ज्याला भाषा येते त्याच्यासाठी लेखनात काटकसर करता येते, आणि ती केली गेली. रोमन वर्णांना इंग्रजीतली किंमत देण्याचेही बंधन नव्हते. चिनी भाषेत ‘प’ आणि ‘ब’ असा घोष-अघोष भेद नाही, ‘प’ आणि ‘फ’ असा अल्पप्राण-महाप्राण भेद आहे. मग b हा वर्ण मोकळाच होता, तो अल्पप्राण ‘प’ला दिला आणि p महाप्राणाला. त्याआधीच्या वेड-जाइल्स पद्धतीत महाप्राण दाखवायला व्यंजनापुढे उलटे स्वल्पविरामासारखे चिन्ह लागत असे आणि छपाईत ते हमखास गळत असे. पिन्यिनने ही अडचण सोडवली, पण इंग्रजीतून रोमन लिपी शिकलेल्या वाचकापुढे दुसरी उभी केली. आपल्या जुन्या वर्तमानपत्रांत ‘चौ एन लाय’ आणि ‘माओ त्से तुंग’ असे छापले जाई, आता ‘झाऊ’ आणि ‘माओ झेडोंग’ दिसते. नवी रूपे पिन्यिनमधल्या Zhou आणि Zedong या लेखनावरून इंग्रजीच्या वळणाने घेतलेली आहेत आणि उच्चाराला ती जुन्यांपेक्षा दूर आहेत.

मराठी विद्यार्थ्याची पहिली अडचण इथूनच सुरू होते, आणि त्याचा मोठा फायदाही इथेच आहे. शाळेत शिकलेले अल्पप्राण-महाप्राण हे व्याकरण चिनीत जसेच्या तसे कामाला येते. b म्हणजे प, p म्हणजे फ (ओठ मिटून म्हटलेला). d म्हणजे त, t म्हणजे थ. g म्हणजे क, k म्हणजे ख. युरोपीय विद्यार्थ्याला हा भेद मुद्दाम कमवावा लागतो, आपल्याकडे तो जिभेवर आहे. तरीही तो वापरला जात नाही, कारण रोमन वर्ण दिसताच आपण भारतीय इंग्रजीत शिरतो. आपल्या इंग्रजीत p, t, k हे प, ट, क असे महाप्राणाविना उच्चारले जातात. त्यामुळे kàn (पाहणे) हा शब्द ‘कान’ होतो आणि चिनी कानाला gàn ऐकू येतो. tā (तो, ती) ‘टा’ होतो आणि dā वाटतो. उलट b चा ‘ब’ केला तर तेवढे बिघडत नाही. चिनी माणूस श्वासाचा झोत आहे की नाही एवढे ऐकतो, झोत नसला की तो b समजतो. म्हणून दुरुस्तीची खरी जागा p, t, k, q, ch, c ही सहा व्यंजने आहेत. यांतल्या प्रत्येकात ‘ह’चा झोत ऐकू आला पाहिजे. p च्या बाबतीत एक सावधगिरी लागते. आजच्या मराठीत ‘फ’ पुष्कळदा वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हटला जातो आणि चिनीत तसा f हा वेगळा ध्वनी आहे. fàn (भात, जेवण) आणि pàn यांत घोळ नको असेल, तर p म्हणताना ओठ पूर्ण मिटलेच पाहिजेत.

च-वर्गात मराठीची मदत याहून मोठी आहे. ‘चिमणी’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे आहेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘चिमणी’तला तालव्य च म्हणजे जवळजवळ पिन्यिनचा j. ‘चमचा’तला दंततालव्य च म्हणजे पिन्यिनचा z. j ला झोत दिला की q होतो, ‘छिद्र’मधल्या छ च्या जवळचा. z ला झोत दिला की c होतो, आणि हा ध्वनी मराठीत नाही. ‘चमचा’चा च घेऊन त्याच्या मागोमाग ‘ह’ सोडण्याचा सराव करावा लागतो. तिसरी मालिका zh, ch, sh, r ही मूर्धन्य आहे. जिभेचे टोक ‘ट’ म्हणताना जिथे जाते त्या परिसरात न्यायचे आणि तिथून च, छ, ष म्हणायचे. मराठीत ‘ष’ लिहिला जातो, पण बहुतेकांच्या तोंडी तो ‘श’च असतो, त्यामुळे sh आणि x हे दोन्ही ‘श’ वाटून जातात. यावर पिन्यिनमध्येच एक उपाय दडलेला आहे आणि तो फार कमी पुस्तकांत ठळकपणे सांगितलेला असतो. j, q, x यांच्यानंतर फक्त ‘ई’च्या किंवा ü च्या वळणाचा स्वर येतो, आणि zh, ch, sh, r किंवा z, c, s यांच्यानंतर तो कधीच येत नाही. म्हणजे xi आणि shi यांत i हे एकच चिन्ह असले तरी स्वर निराळे आहेत. xi मध्ये खरा ‘ई’ आहे. shi मध्ये जीभ व्यंजनाच्या जागीच ठेवून आवाज लांबवायचा असतो, ‘ई’ अजिबात नाही. si मध्येही तेच, फक्त जीभ दातांमागे. shí म्हणजे दहा आणि sì म्हणजे चार. या दोहोंना ‘शी’ आणि ‘सी’ असे वाचणारा विद्यार्थी ऐकण्याच्या भागात वेळ आणि किंमत यांच्या प्रश्नांत अडकतो, कारण ध्वनिमुद्रणात ‘ई’ येतच नाही.

दुसरे अंतर स्वरांचे, आणि ते थोडक्यात सांगता येते. liù (सहा) हे लेखन liou चे संक्षिप्त रूप आहे, duì (बरोबर) हे duei चे. मधला स्वर गाळला आहे, पण म्हणताना तो असतो, विशेषतः jiǔ (नऊ) आणि shuǐ (पाणी) यांसारख्या तिसऱ्या टोनच्या शब्दांत. म्हणून ‘ल्यू’ नव्हे, ‘लिओउ’. ‘शुई’ नव्हे, ‘ष्वेइ’. j, q, x, y यांच्यानंतरचा u हा ‘उ’ नसून ü असतो, म्हणजे ओठ ‘ऊ’साठी गोल आणि जीभ ‘ई’च्या जागी. त्याच्यावरचे दोन ठिपके तिथे गाळले जातात, कारण या व्यंजनांनंतर साधा ‘उ’ येऊच शकत नाही. n आणि l यांच्यानंतर दोन्ही येऊ शकतात, म्हणून nǚ'ér (मुलगी) यात ठिपके राखले जातात. संगणकावर हा शब्द टाइप करताना ü साठी v वापरतात, म्हणजे `nver`. diàn, tiān, diǎn यांतला ian हा ‘इआन’ नसून ‘येन’च्या जवळ जातो. आणि hē (पिणे) यातला e म्हणजे ‘ए’ नव्हे. मराठी ‘अ’ जीभ मागे ओढून लांबवला की तो साधतो. xièxie (आभार) यात मात्र i नंतरचा e हा ‘ए’सारखाच आहे.

एवढे वाचल्यावर कोणी म्हणेल, की मग सरळ देवनागरीतच लिहून घ्यावे. हा आक्षेप हलका नाही. अल्पप्राण-महाप्राण आणि मूर्धन्य दाखवायला देवनागरी रोमनपेक्षा खरोखर सरस आहे, आणि वरची सगळी मांडणी मीच देवनागरीच्या आधाराने केली आहे. तरीही वहीत शब्द देवनागरीत उतरवण्याला माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांच्या च ला आपल्या लिपीत वेगळी चिन्हे नाहीत, त्यामुळे j, z आणि zh तिन्ही ‘च’ होऊन बसतात. ü ला चिन्ह नाही. टोनला जागा नाही, आणि वेलांटीवर टोनची रेघ काढली तर ती वाचवत नाही. शिवाय प्रश्नपत्रिकेत, शब्दकोशात आणि फोनच्या कळफलकावर पिन्यिनच असते, तेव्हा प्रत्येक वेळी मनात दोनदा लिप्यंतर करावे लागेल. देवनागरीचा उपयोग व्यंजनांची किल्ली म्हणून एकदा करावा, पाठ झाली की ती बाजूला ठेवावी.

तिसरे अंतर टोनचे, आणि खरी अडचण इथे आहे. टोनविना मोजली तर प्रमाण चिनीत सुमारे 400 अक्षरे आहेत (अक्षर म्हणजे येथे एका दमात उच्चारला जाणारा खंड), टोनसह सुमारे 1,300. म्हणजे टोन काढून टाकला तर भाषेचा दोन तृतीयांशांहून अधिक ध्वनिभेद नाहीसा होतो. चाओ य्वान-रन या भाषाशास्त्रज्ञाने 1930 मध्ये आवाजाच्या उंचीचे पाच थर कल्पून टोन आकड्यांनी लिहिण्याची रीत घातली, 1 सर्वांत खाली आणि 5 सर्वांत वर. पहिला टोन 55, म्हणजे वरच्या थरावर सपाट. दुसरा 35, मधून वर चढणारा. तिसरा 214, खाली उतरून पुन्हा चढणारा. चौथा 51, वरून खाली कोसळणारा. हे थर प्रत्येकाच्या आवाजाला सापेक्ष असतात, गायनातल्या स्वरांसारखे ठरावीक नसतात, त्यामुळे पुरुषाचा पहिला टोन स्त्रीच्या तिसऱ्याहून खालच्या पट्टीत असू शकतो. सरावाला सर्वांत चांगले साहित्य एक ते दहा आकडे: yī, èr, sān, sì, wǔ, liù, qī, bā, jiǔ, shí. यांत चारही टोन आहेत. पण इथेच एक जुनी सवय आड येते. मराठीत यादी म्हणताना आपण प्रत्येक शब्दाच्या शेवटी आवाज किंचित वर नेतो आणि शेवटच्या शब्दावर खाली आणतो. त्या लयीत म्हटले तर qī आणि bā चढतात, दुसरा टोन होतात, आणि शेवटचा shí, जो चढायला हवा, तो पडतो. आपल्याकडे ‘आलास’ आणि ‘आलास?’ यांतला फरक निव्वळ आवाजाच्या चढाने होतो. चिनीत तो चढ शब्दाच्या मालकीचा आहे, आणि होय-नाही प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ma लावतात. ma न लावता मराठी पद्धतीने शेवट चढवला, किंवा ma लावूनही त्याआधीच्या शब्दाला चढ दिला, तर त्या शब्दाचा टोन मोडतो.

चौघांत सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या टोनचे होते, आणि ते आकृतीमुळे. पाठ्यपुस्तकातली खड्ड्यासारखी रेघ पाहून विद्यार्थी प्रत्येक तिसऱ्या टोनला आधी खाली आणि मग वर नेतो. पण 214 हे रूप शब्द एकटा असताना किंवा त्याच्यानंतर विराम असतानाच पूर्ण ऐकू येते. पुढे पहिला, दुसरा, चौथा किंवा चिन्ह नसलेला हलका टोन आला तर तिसरा फक्त खाली राहतो, चाओंच्या आकड्यांत 21. पुढे आणखी एक तिसरा आला तर तो दुसऱ्यासारखा चढतो. म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या पाच परिस्थितींपैकी चारांत तिसरा टोन हा निव्वळ खालचा टोन आहे. lǎoshī (शिक्षक) म्हणताना lǎo खाली दाबून ठेवायचा आणि shī थेट वर उचलायचा. ज्याने lǎo ला खड्डा काढून वर आणले त्याचे अक्षर चढलेले ऐकू येते आणि दुसरा टोन वाटते. दुसरा आणि तिसरा यांची गल्लत ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे आणि तिचा मोठा भाग या एका आकृतीने तयार होतो. तिसरा टोन ‘खालचा टोन’ म्हणून शिकवावा, खड्डा हा त्याचा विरामापूर्वीचा अपवाद म्हणून सांगावा. एवढा बदल केला तरी उच्चार ऐकण्याजोगा होतो.

एक वाक्य घेऊन हे सगळे पाहू. ‘मला एक पुस्तक विकत घ्यायचे आहे’ हे चिनीत wǒ xiǎng mǎi yì běn shū असे होते आणि त्यातले सगळे शब्द पहिल्या पातळीचे आहेत. शब्दकोशात wǒ, xiǎng आणि mǎi तिन्ही तिसऱ्या टोनचे. xiǎng mǎi एकत्र बोलले जातात, म्हणून xiǎng चढतो आणि xiáng होतो. wǒ त्यांच्यापासून थोडा सुटा ठेवला तर खाली राहतो, घाईत एका दमात म्हटले तर तोही चढतो. दोन्ही रूपे ऐकू येतात. mǎi नंतर yì येतो आणि तो चौथ्या टोनचा आहे, म्हणून mǎi नुसता खाली दाबला जातो, त्याचा शेवट वर न्यायचा नाही. yì मुळात yī, पहिल्या टोनचा. पण चौथ्या टोनपूर्वी तो yí होतो आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यापूर्वी yì. इथे पुढे běn आहे, तिसरा, म्हणून तो पडतो. běn नंतर shū, पहिला, म्हणून běn खाली. आणि शेवटी shū वरच्या थरावर सपाट, वाक्य संपले म्हणून खाली सोडायचा मोह टाळून. सहा अक्षरांपैकी चार तिसऱ्या टोनची होती, आणि एकाही ठिकाणी खड्ड्याचा पूर्ण आकार आला नाही. शिवाय छापील पिन्यिनमध्ये xiǎng वर तिसऱ्या टोनचेच चिन्ह असते, तो बदल वाचणाऱ्याने स्वतः करायचा असतो. yī आणि bù यांच्या बाबतीत पुस्तकांत एकवाक्यता नाही. काही पुस्तके बदललेला टोन छापतात, काही मूळचा. त्यामुळे bú shì (नाही) आणि bù hǎo (चांगले नाही) यांतला फरक नियम म्हणूनच माहीत असायला हवा: bù चौथ्या टोनपूर्वी चढतो, एरवी पडतो.

हलक्या टोनला चिन्ह नसते म्हणून तो सोपा समजला जातो. māma, xièxie, péngyou (मित्र) यांतले दुसरे अक्षर आखूड आणि सैल असते. त्याची उंची आधीच्या टोनवर ठरते. चौथ्यानंतर ते तळाशी असते, तर तिसऱ्यानंतर, जसे yǐzi (खुर्ची) किंवा wǒmen (आम्ही) यांत, वर उचललेले असते. वेगळा नियम पाठ करण्याची गरज नाही. पहिले अक्षर पुरेसे खाली नेले तर दुसरे आपोआप वर येते.

आता आक्षेपांकडे. पहिला असा, की संदर्भाने अर्थ कळतो, टोन चुकला तरी चिनी माणूस समजून घेतो. हे बोलण्याच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. लांब वाक्यात एखादा टोन चुकला तर समोरचा गोंधळत नाही. पण संदर्भ वापरता येतो तो ज्याच्याकडे शेकडो शब्द आहेत त्याला. नवशिक्याचे वाक्य तीन-चार शब्दांचे असते आणि पहिल्या पातळीच्या शब्दांत नेमक्या अशा जोड्या आहेत जिथे संदर्भ निरुपयोगी ठरतो. Tā zài nǎr म्हणजे ‘ती कुठे आहे’, tā zài nàr म्हणजे ‘ती तिथे आहे’. दोन्ही वाक्ये एकाच संवादात शेजारी येतात आणि फरक फक्त शेवटच्या अक्षराच्या टोनचा. jǐ diǎn म्हणजे ‘किती वाजले’ आणि qī diǎn म्हणजे ‘सात वाजता’. यात व्यंजनाचा झोत आणि टोन दोन्ही वेगळे, आणि वर jǐ हा diǎn मुळे चढून jí ऐकू येतो. ज्याने jǐ खड्ड्यासह पाठ केला त्याला परीक्षेतल्या ध्वनिमुद्रणात तो शब्द ओळखूच येत नाही. ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात हे खरे, पण जो आकार कानात बसलेलाच नाही तो दुसऱ्यांदाही सापडत नाही. पुढच्या पायरीवर mǎi (विकत घेणे) आणि mài (विकणे) भेटतात, तिथे चुकीची किंमत आणखी वाढते.

दुसरा आक्षेप परीक्षेपुरता व्यवहारी आहे. बोलायचे नाही, पिन्यिन छापलेले आहे, वाचनाच्या 100 गुणांत 80 मिळवले की ऐकण्यात 40 पुरतात, मग टोनवर एवढा वेळ का घालवायचा? हिशेब बरोबर आहे आणि असे उत्तीर्ण होता येते, हे मान्य केले पाहिजे. पण ही परीक्षा कशाची पायरी आहे, ते पाहावे. 2010 च्या रचनेत दुसऱ्या पातळीपर्यंत पिन्यिन छापलेले असते, तिसऱ्या पातळीवर ते निघून जाते. बोलण्याची परीक्षा, एचएसकेके, वेगळी आहे आणि तिच्या प्राथमिक पातळीची सुरुवातच ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवण्याने होते. टोनविना पाठ केलेले 150 किंवा 300 शब्द तिथे पुन्हा नव्याने शिकावे लागतात. पहिल्यांदाच नीट शिकणे जुने पुसण्यापेक्षा सोपे असते, म्हणून हा वेळ सुरुवातीलाच घालवणे स्वस्त पडते.

तिसरा आक्षेप कानाविषयी आहे: आपली भाषा टोनची नाही, आपल्या कानाला ते कळायचे नाही. याला प्रयोगाचे उत्तर आहे. 1999 मध्ये वांग, स्पेन्स, जाँगमन आणि सेरेनो यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत आठ बैठकांत केवळ टोन ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यांची अचूकता 21 टक्क्यांनी वाढली आणि सहा महिन्यांनंतरच्या चाचणीतही ती सुधारणा टिकून होती. त्या प्रशिक्षणातली दोन वैशिष्ट्ये उचलण्याजोगी आहेत. आवाज एकाचा नव्हे, अनेकांचा होता. आणि प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक हे लगेच सांगितले जाई. एकाच शिक्षकाच्या आवाजावर तयार झालेला विद्यार्थी परीक्षेतल्या अनोळखी आवाजाला चाचपडतो, त्याचे कारण यात दिसते. सराव गाण्यांवरून करू नये, असेही इथेच सांगतो. गाण्यात चाल टोनवर मात करते, आणि चिनी श्रोता शब्द ओळखतो तो भाषा येत असल्यामुळे.

सराव कसा करावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एकेकटा टोन नव्हे, जोडी. चार टोन आणि त्यांच्यापुढे चार टोन किंवा हलका, अशा वीस जोड्या होतात. 3-3 ही जोडी 2-3 सारखीच ऐकू येते, त्यामुळे कानाला एकोणीसच. प्रत्येक जोडीला एक ओळखीचा शब्द नेमून ठेवावा: jīntiān (आज) 1-1, Zhōngguó (चीन) 1-2, gāoxìng (आनंदी) 1-4, xuéxí (शिकणे) 2-2, xuéxiào (शाळा) 2-4, mǐfàn (भात) 3-4, shuǐguǒ (फळे) 3-3 म्हणून बोलताना shuíguǒ, diànshì (दूरचित्रवाणी) 4-4. नवा शब्द आला की तो कोणत्या शब्दाच्या चालीचा, एवढेच विचारायचे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव Kē Dìhuá याच रीतीने वाचून पाहावे. ‘ख’ महाप्राण आणि सपाट वर, ‘ती’ कोसळता, ‘ह्वा’ चढता: 1-4-2. हे नाव इंग्रजी वळणाने ‘के डिहुआ’ असे वाचले, तर पहिले व्यंजन, पहिला स्वर, दुसरे व्यंजन आणि तिन्ही टोन गमावतात.

आपण बरोबर म्हणतो की नाही, हे स्वतःच्या कानावर सोडू नये, कारण जो टोन तोंडात चुकतो तो बहुधा कानातही चुकलेला असतो. सोबती असेल तर nǎr आणि nàr असे शब्द मनाला येईल त्या क्रमाने म्हणावेत आणि त्याने ऐकून काय ऐकू आले ते लिहावे. दहापैकी दोन-तीन चुकले तर टोन अजून स्थिर नाही. सोबती नसेल तर Praat हे ध्वनिशास्त्रज्ञांचे मोफत सॉफ्टवेअर आवाजाच्या उंचीची रेघ पडद्यावर दाखवते. चिनी वक्त्याचे ध्वनिमुद्रण आणि आपले, दोन्हींच्या रेघा एकाखाली एक ठेवून पाहाव्यात. पहिल्या टोनची रेघ शेवटी ढळते का, चौथ्याची पुरेशा उंचीवरून सुरू होते का, हे तिथे उघड दिसते. तिसऱ्या टोनची रेघ तळाशी तुटलेली दिसली तर घाबरू नये. आवाज फार खाली गेला की तो खरखरतो आणि सॉफ्टवेअरला उंची सापडत नाही, चिनी वक्त्यांच्या आवाजातही हे होते.

शब्दयादी हातात घेण्यापूर्वी पहिले दोन-तीन आठवडे केवळ या तीन अंतरांना द्यावेत, असे माझे शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांनाही सांगणे आहे. झोताची सहा व्यंजने, i चे तीन उच्चार, गाळलेले स्वर आणि टोनच्या जोड्या, एवढाच हा अभ्यास आहे. त्यानंतर येणारा प्रत्येक शब्द टोनसह ऐकून, म्हणून आणि मगच वहीत लिहावा, आणि ज्या शब्दाचा टोन आठवत नाही तो शब्द अजून पाठ झालेला नाही असेच धरावे.